लिनालूल, लिमोनीन: क्रीमच्या ट्यूबवरची ही नावं काय सांगतात?

पेणच्या बाजारातून किंवा रोह्याच्या मेडिकलमधून आणलेली क्रीमची ट्यूब उलटी करून पाहा. घटकांच्या यादीत बहुतेकदा शेवटी लिनालूल, लिमोनीन अशी नावं दिसतात. हे सुगंधाचे घटक आहेत. लिमोनीन संत्र्याच्या सालीत भरपूर असतं, तर लिनालूल लव्हेंडरमध्ये आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या धन्यांतही. झाडातून काढा किंवा कारखान्यात बनवा, रेणू तोच. त्यामुळे ‘नॅचरल’ लिहिलंय म्हणून संवेदनशील त्वचेला ते चालेलच असं नाही.

ही नावं वेगळी छापण्याची पद्धत युरोपातून आली. तिथे 2005 पासून असे 26 सुगंधी घटक ठरावीक मर्यादेच्या वर असतील तर नावानिशी सांगावे लागतात. 2023 मध्ये ही यादी 80 च्या वर गेली. अंगावर राहणाऱ्या क्रीमसाठी मर्यादा आहे 0.001 टक्के, म्हणजे 100 ग्रॅममध्ये फक्त 1 मिलिग्रॅम. धुऊन जाणाऱ्या साबण-शाम्पूसाठी ती दहापट जास्त आहे. यादीत नुसतं ‘परफ्यूम’ असेल, तर आत नेमकं काय आहे ते कळत नाही.

गंमत म्हणजे ताजं लिनालूल किंवा लिमोनीन फारसं त्रासदायक नसतं. हवेशी संपर्क आला की त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि खरी ॲलर्जी त्यांचीच असते. म्हणून जुनी, अर्धवट वापरलेली बाटली जास्त धोक्याची.

समजा, रोह्यातल्या एका मुलीने गणपतीत उघडलेलं लोशन होळीला पुन्हा लावलं. पुरळ येतं दोन दिवसांनी, आणि दोष जातो आदल्या रात्रीच्या कोळंबीला! ही ॲलर्जी उशिरा उमटते, म्हणून असा घोळ होतो. नवं क्रीम असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघावं. खाज किंवा लाली आली की लगेच थांबावं. आधीच पुरळ असेल तर हा प्रयोग करू नये.

खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर 48 तास पट्ट्या ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. इथे एक मेख आहे: ‘फ्रॅग्रन्स मिक्स’ 1 आणि 2 या नेहमीच्या चाचण्यांत लिनालूल आणि लिमोनीन नसतात. त्यांच्या हायड्रोपेरॉक्साइडची चाचणी वेगळी करावी लागते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूबच सोबत न्यावी.