क्षुधित पाषाण : ओसाड महाल आणि दोन पोशाखांचा माणूस

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज संस्थानांच्या चाकरीत होते. म्हणून रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘क्षुधित पाषाण’ या 1895 सालच्या बंगाली कथेकडे आपले लक्ष वेधतो. तिचा नायक निजामाच्या राज्यात कापसाचा कर वसूल करणारा तरुण अंमलदार आहे.

कथेचे बीज मात्र अहमदाबादचे. 1878 साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ तिथे आपल्या न्यायाधीश बंधूंकडे, शाहीबागेतल्या मोगलकालीन महालात राहिले होते. खाली साबरमती आणि वर रिकामी दालने. कथेत तोच महाल बरीच गावी, शुस्ता नदीच्या काठी उभा राहतो.

संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी बसलेल्या अंमलदाराला पायऱ्या उतरणाऱ्या स्त्रियांची चाहूल लागते, पण दिसत कोणीच नाही. पुढे रात्री एक दासी त्याला खुणेने दालनांमधून नेते. पडद्यापाशी मांडीवर तलवार घेतलेला खोजा पेंगत असतो. पहाटे वेडा मेहेर अली ‘सारे खोटे’ असे ओरडत महालाला फेऱ्या घालतो.

आता त्याच्या कपड्यांकडे पाहा. दिवसा तो आखूड इंग्रजी कोट घालून हिशेब लिहितो. रात्री तोच सैल पायजमा आणि मखमली टोपी घालतो, अत्तर लावतो, सिगारेट टाकून हुक्का ओढतो. एकदा वावटळ त्याचा कोट आणि सोला हॅट उडवून नेते, आणि तो वेष तो पुन्हा अंगावर चढवीत नाही. माझ्या मते कथेची खरी भीती इथे आहे. इंग्रजी शिक्षणावर पोट भरणाऱ्या त्या पिढीला दिवसाचा वेष उसना वाटे आणि रात्रीचा वेष मेलेल्या दरबाराचा. मग आपले अंग कोणते? भूत बाहेरून आलेले नाही. दडपलेले जुनेच परत आले आहे, म्हणून ते ओळखीचेही वाटते आणि भयंकरही.

पण ही गतवैभवाची आळवणी नव्हे. वृद्ध कारकून करीमखान सांगतो, की अतृप्त वासनांच्या शापाने इथला दगड न् दगड भुकेला झाला आहे. त्या वैभवाखाली विकत आणलेल्या बायका आहेत. स्वप्नातली स्त्री सुटकेची याचना करते आणि अंमलदार काहीच करू शकत नाही.

ही सारी कथा तो गाडीची वाट पाहताना सहप्रवाशांना सांगतो आहे. इराणी दासीची हकीकत सुरू होणार, एवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गातला एक इंग्रज त्याला ओळखून हाक मारतो आणि तो निघून जातो. ऐकणाऱ्या दोघा नातलगांत, हे खरे की थाप, यावरून जन्माची फूट पडते. दासीची हकीकत मात्र कोणालाच कळत नाही. साहेबाच्या एका हाकेने ती तुटली, हे विसरू नये.