आपण आता मित्र, बरं का!

प्रेम मोडलं की "पण आपण मित्र राहू हं!" असं म्हणायची पद्धत हल्लीच्या पोरांनी काढली, अशी आमच्या पिढीची ठाम समजूत आहे. आमच्या वेळी प्रेम मोडलं की मुलगा सहा महिने दाढी वाढवायचा आणि मुलीला नागपूरच्या मावशीकडे धाडत. मैत्रीचा प्रश्नच यायचा नाही. हल्ली मैत्रीचा ठराव एकमताने पास होतो आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. सकाळी "उठलीस का?", दुपारी "जेवलीस का?", रात्री "रडत तर नाहीस ना?" पंचवीस वर्षं सुखाने संसार केलेला नवरासुद्धा बायकोची एवढी चौकशी करत नाही.

पण हे दुखणं मोबाइलबरोबर आलेलं नाही. त्याचा सगळ्यात नामवंत रोगी दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे कागदपत्र शाबूत आहेत. त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट.

नेपोलियन आणि जोसेफिन यांचं लग्न झालं १७९६ मध्ये. तिचं ते दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्यापासून तिला यूजेन आणि ओर्तांस अशी दोन मुलं होती. नेपोलियनपासून मात्र मूल होईना. दोष कोणाचा, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत राहिला, कारण आई झाल्याचा दाखला तिच्याकडे दोनदा होता आणि बाप झाल्याचा त्याच्याकडे एकदाही नव्हता. १८०६ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका बाईला त्याच्यापासून मुलगा झाला आणि जोसेफिनची बाजू लंगडी पडली. बादशहाला गादीसाठी वारस हवा होता. १५ डिसेंबर १८०९ च्या रात्री तुइलरी राजवाड्यात सगळं घराणं जमलं आणि घटस्फोटाच्या संमतीचा कागद जोसेफिनच्या हाती दिला गेला. तिने तो वाचायला घेतला, पण चार ओळींत तिचा आवाज गेला. उरलेला कागद एका दरबाऱ्याने वाचला.

पोटगी मात्र बादशाही होती. 'सम्राज्ञी' हा किताब कायम, मालमेझाँचा तिचा आवडता वाडा तिच्याकडे, आणि सरकारी तिजोरीतून सालीना वीस लाख फ्रँक. वर त्याने आपल्या खासगीतून आणखी दहा लाख घातले. दुसऱ्या दिवशी ती मालमेझाँला गेली, तो व्हर्सायच्या त्रियानाँ वाड्यात. दोन्ही वाड्यांत घोडागाडीची फार तर एक दौड.

आणि इथून मैत्री सुरू झाली. दोन दिवसही झाले नाहीत, तोच स्वारी मालमेझाँला हजर. पावसाळी हवेत बागेतून दोघं फिरली. परत गेल्यावर त्याच रात्री आठ वाजता पत्र: आज तू मला फारच खचलेली दिसलीस, धीर धर, तब्येत सांभाळ. पुढे पत्रांचा रतीब लागला. तुझ्याकडून आलेला माणूस सांगतो की तू रडतेस, हे बरं नाही. यूजेन सांगतो की तू काल उदास होतीस, हे तर तू दिलेल्या वचनाविरुद्ध आहे! लाखाची फौज हुकमावर हलवणारा माणूस. बाईचे डोळेसुद्धा हुकमाने कोरडे व्हायला हवेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. नाताळच्या दिवशी तर त्याने तिला त्रियानाँला जेवायला बोलावलं. ती बिचारी खुलली.

पॅरिसला परतल्यावर त्याने लिहिलं की एवढा मोठा राजवाडा मला ओकाओका वाटला, फार एकटं वाटलं. वाचकहो, इथे जरा थांबा. ज्या बाईला आपणच राजवाड्यातून काढलं, तिलाच राजवाडा रिकामा असल्याची तक्रार! हल्ली रात्री साडेअकराला "करमत नाहीये" म्हणून जो निरोप येतो, तो हाच.

आमच्या भाचीला असे निरोप येत असत. "तो अजून किती काळजी करतो, बघ ना मामा," असं ती म्हणायची. काळजी खोटी असते असं माझं म्हणणं नाही. नेपोलियनचीही खोटी नव्हती. जानेवारी १८१० च्या एका पत्रात तो कळवतो की मालमेझाँच्या बागेसाठी एक लाख फ्रँक मंजूर केले आहेत, हवी तेवढी झाडं लाव. तुझ्या माणकांच्या दागिन्यांचं बिलही भागवतो, पण आधी माझी माणसं किंमत करतील, कारण जवाहिऱ्यांची चोरी मला खपत नाही. नवरेपणाचा राजीनामा दिलेला गृहस्थ सोनाराशी घासाघीस करतोय! पण त्याच दिवसांत त्याच्या नव्या लग्नासाठी राजकन्यांची चाचपणी चालली होती. पत्रं खरी होती आणि चाचपणीही खरी होती. घोळ नेमका तिथेच असतो.

ऑस्ट्रियाची मारी लुईझ ठरली. १ एप्रिल १८१० ला सँ-क्लूला आणि २ एप्रिलला पॅरिसमध्ये लग्नाचे सोहळे झाले. त्याच्या तोंडावर मैत्रिणीला मालमेझाँही सोडायला लागलं. तिची रवानगी झाली नाव्हारच्या वाड्यावर, पॅरिसपासून सुमारे शंभर किलोमीटर. वाडा जुना, दमट, खिडक्या धड न लागणाऱ्या. आणि रतीब बंद! रोज येणारं पत्र आठवडेच्या आठवडे येईना. नवं माणूस आलं की मित्राची काळजी किती उरते, यावरून आधीची काळजी कशासाठी होती ते कळतं.

मग जोसेफिनने एक पत्र लिहिलं. सलगीचं नाही, 'महाराज' म्हणून, अहो-जाहो करत, मालमेझाँला परतायची परवानगी दिल्याबद्दल आभार मानणारं. आता पाहा गंमत. जो आठवडेच्या आठवडे गप्प होता, त्याचं उत्तर २१ एप्रिलला, म्हणजे तिच्या पत्रानंतर दोनच दिवसांनी लिहिलेलं आहे. तुझ्या पत्राची भाषा मला आवडली नाही, मी होतो तसाच आहे, तू लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिलं नाही. आणि शेवटी वर तिलाच विचारतो की आता तूच ठरव, आपल्यात जास्त चांगला आणि जास्त मित्र कोण!

या एका पत्रात सगळं प्रकरण आहे. ती जवळ असताना तो निवांत होता. ती अंतर राखून बोलू लागली, तेव्हा त्याला टोचलं. म्हणून भाचीला मी एवढंच सांगितलं की तो फोन करतो याकडे बघू नकोस. तू चार दिवस नीट, सभ्यपणे, पण त्रोटक बोल, आणि तो काय करतो ते बघ. मित्र असेल तर "कामात आहेस वाटतं" म्हणून सोडून देईल. रुसला, हिशेब मागायला लागला, तर समज की नातं मोडलं ते फक्त तुझ्या बाजूचं. त्याने आपली बाजू तशीच ठेवलीय.

जोसेफिन मालमेझाँला परतली. तो अधूनमधून येई, पण आता नव्या राणीचा राग सांभाळून. तिने पुन्हा लग्न केलं नाही. बागेत गुलाब लावले आणि पत्रांची वाट पाहिली. २९ मे १८१४ ला ती मालमेझाँलाच वारली. तेव्हा तो एल्बा बेटावर हद्दपार होता, आणि मारी लुईझ तिकडे फिरकलीही नव्हती.

वॉटर्लूच्या पराभवानंतर, जून १८१५ च्या अखेरीस, फ्रान्स सोडण्यापूर्वीचे चार-पाच दिवस त्याने काढले ते मालमेझाँलाच, ओर्तांसच्या सोबतीने. बाग तीच होती. फक्त त्या दिवसांत पत्र लिहायला तिथे कोणी नव्हतं.