मालिकांची भाषांतरित पुनर्निर्मिती आणि प्रश्नमंजूषेतील आवृत्तीनिश्चिती

एका भाषेतील दूरचित्रवाणी मालिकेचे कथानक घेऊन दुसऱ्या भाषेत नवे कलावंत, नवे स्थळ आणि नवे संवाद यांसह ती मालिका पुन्हा उभी करणे, याला पुनर्निर्मिती किंवा रूढ भाषेत रिमेक म्हणतात. डब केलेली मालिका यापेक्षा वेगळी असते, कारण तिथे चित्रीकरण मूळचेच राहते आणि बदलतो तो फक्त आवाज. अनेक भाषांत वाहिन्या चालवणाऱ्या समूहांना एका भाषेत लोकप्रिय झालेले कथानक दुसऱ्या भाषेत वापरणे सोयीचे पडते, त्यामुळे एकाच कथेच्या पाच-सहा आवृत्त्या काही वर्षांच्या अंतराने, कधी एकाच वेळीही, पडद्यावर दिसतात. प्रश्नमंजूषेत अशा कथेवर प्रश्न आला की कथानक ओळखूनही उत्तर हाती लागत नाही, कारण प्रश्नकर्त्याच्या मनात नेमकी कोणती आवृत्ती आहे हे ठरवणे बाकी असते.

या अडचणीचे सर्वांत बोधक उदाहरण म्हणजे स्टार प्लसवरील ‘दिया और बाती हम’ ही हिंदी मालिका. ती 29 ऑगस्ट 2011 रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर 2016 पर्यंत चालली. राजस्थानातील पुष्कर येथील अल्पशिक्षित हलवाई सूरज, आयपीएस अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणारी त्याची पत्नी संध्या आणि घरावर हुकमत गाजवणारी सासू भाभो यांच्याभोवती तिची कथा फिरते. याच कथेवरून 2013 मध्ये बंगालीत स्टार जलसावर ‘तोमाय आमाय मिले’ आणि मल्याळममध्ये एशियानेटवर ‘परस्परम’ या मालिका आल्या. पुढे 2020 च्या सप्टेंबरमध्ये स्टार प्रवाहवर मराठीत ‘फुलाला सुगंध मातीचा’, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तमिळमध्ये ‘राजा रानी 2’ आणि 2021 मध्ये तेलुगूत ‘जानकी कलगनलेदु’ अशी ही मालिका वाढत गेली. तमिळमध्ये तर गुंता आणखी वाढला, कारण हिंदी मालिका डब होऊन ‘एन कणवन एन तोळन’ या नावाने आधीच दाखवली गेली होती. म्हणजे एकाच भाषेत एकाच कथेची एक डब केलेली आणि एक नव्याने चित्रित केलेली अशी दोन रूपे झाली. ती वेगळी काढण्याची खूण सोपी आहे: ज्या दृश्यात नायिकेचा चेहरा दीपिका सिंहचा आहे ते डब केलेले रूप, आणि जिथे आल्या मानसा दिसते ती पुनर्निर्मिती.

आता ‘हलवायाशी लग्न झालेली आणि पोलीस अधिकारी होऊ पाहणारी सून कोणत्या मालिकेत आहे?’ एवढाच प्रश्न असेल तर त्याला निदान सहा उत्तरे आहेत आणि तो प्रश्न म्हणून अपुरा आहे. पात्राचे एखादे नाव दिले असेल तर काम सोपे होते, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात एकटे नाव फसवू शकते. पुनर्निर्मिती करणारे लेखक नावे बदलतात, पण सगळी बदलतातच असे नाही. मल्याळम आवृत्तीत पतीचे नाव हिंदीप्रमाणे सूरजच ठेवले आहे, पत्नी मात्र दीप्ती आहे. तमिळमध्ये याच्या उलट पत्नीचे नाव संध्या कायम राहिले आणि पती सरवणन झाला. त्यामुळे ‘सूरज’ एवढ्यावरून हिंदी असा निष्कर्ष काढणारा आणि ‘संध्या’ एवढ्यावरून तोच निष्कर्ष काढणारा, दोघेही चुकण्याची शक्यता राहते. खरा पुरावा नावांच्या जोडीत असतो: सूरज आणि संध्या ही जोडी हिंदीची, सूरज आणि दीप्ती मल्याळमची, सरवणन आणि संध्या तमिळची, तर शुभम आणि कीर्ती ही जोडी मराठीची. सासूचे संबोधन ही त्याहून पक्की खूण ठरते, कारण ते त्या त्या प्रदेशाच्या बोलीतून येते आणि जसेच्या तसे दुसरीकडे नेता येत नाही. ‘भाभो’ म्हटले की पुष्करचे घर आणि ‘जिजी अक्का’ म्हटले की मराठी मालिकेतील जामखेडकरांचे, यात संशयाला जागा उरत नाही.

शीर्षकावर विसंबतानाही सावध राहावे लागते. ‘राजा रानी 2’ हे नाव पाहून ती 2017 च्या ‘राजा रानी’ची पुढची कथा असावी असे वाटते आणि दोन्हींत आल्या मानसा असल्याने तो समज पक्का होतो, पण दोन्हींची कथानके स्वतंत्र आहेत. उलट, ‘दिया और बाती हम’ची खरी पुढची कथा 2017 मध्ये ‘तू सूरज मैं साँझ, पियाजी’ या नावाने आली. एखाद्या प्रश्नात ‘पुढील भाग’ आणि ‘पुनर्निर्मिती’ हे शब्द सैलपणे वापरले असतील, तर प्रश्नकर्त्याने स्वतःच गल्लत केली असण्याची शक्यता गृहीत धरणे इष्ट.

दुसरी आणि अधिक व्यापक चूक म्हणजे हिंदी आवृत्ती हीच नेहमी मूळ असते हे गृहीतक. ‘आई कुठे काय करते’ ही मराठी मालिका हिंदी ‘अनुपमा’वरून घेतली, असे पुष्कळदा छातीठोकपणे सांगितले जाते; तारखा पाहिल्या की ते टिकत नाही. मराठी मालिका 23 डिसेंबर 2019 रोजी सुरू झाली, हिंदी 13 जुलै 2020 रोजी, आणि दोन्हींचा आधार आहे लीना गंगोपाध्याय यांची स्टार जलसावरील ‘श्रीमयी’ ही जून 2019 मध्ये सुरू झालेली बंगाली मालिका. म्हणून ‘अनुपमाची मराठी आवृत्ती कोणती?’ या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर ‘आई कुठे काय करते’ असले, तरी प्रश्नातील गृहीतक चुकीचे आहे. ‘या कथेची मूळ मालिका कोणती?’ असे विचारल्यास उत्तर ‘श्रीमयी’ हेच द्यावे लागते. ‘पवित्र रिश्ता’ची गोष्टही अशीच आहे. मुंबईतील चाळ आणि देशमुख-करंजकर ही मराठी घराणी यांमुळे ती मराठी मातीतून उगवल्यासारखी वाटते, पण तिचा आधार ‘तिरुमती सेल्वम’ ही सन टीव्हीवरील तमिळ मालिका आहे.

घटनांवरून आवृत्ती ओळखू पाहणाऱ्याने त्या कथेच्या कोणत्या टप्प्यातील आहेत याकडे लक्ष द्यावे. आरंभीचे प्रसंग बहुधा सर्वत्र सारखे असतात. नवऱ्याचे कार्यालयातील सहकारी स्त्रीशी असलेले संबंध उघड होणे, नायिकेने घटस्फोट घेणे, इतकेच काय तिचे पुढचे लग्नसुद्धा श्रीमयी, ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती आणि अनुपमा या तिघींच्या वाट्याला आले आहे. भेद दिसतो तो तपशिलात: अरुंधती गाते, अनुपमा नाचते, अरुंधतीचे घर देशमुखांचा ‘समृद्धी’ बंगला आहे आणि अनुपमाचे सासर अहमदाबादचे गुजराती शहा कुटुंब, दुसरा जोडीदार मराठीत आशुतोष केळकर, हिंदीत अनुज कापडिया आणि बंगालीत रोहित सेन.

कलावंताचे नाव विचारणाऱ्या प्रश्नात आवृत्ती ठरल्यावरही काळ ठरवणे उरते. ‘पवित्र रिश्ता’तील मानवची भूमिका सुशांतसिंह राजपूत याने सोडल्यावर हितेन तेजवानी याने केली, आणि ‘राजा रानी 2’ची संध्या 2022 मध्ये आल्या मानसाऐवजी दुसऱ्या अभिनेत्रीने साकारली. अशा प्रश्नात वर्ष किंवा ‘प्रथम’ हा शब्द दिलेला नसेल, तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरण्यावाचून परीक्षकापुढे मार्ग राहत नाही.