कोलशेतची खाडी आणि उणे साठ मीटर

ठाण्याजवळ कोलशेतच्या खाडीकाठी उपग्रहाशी जोडलेले यंत्र घेऊन उभे राहिलो, तर ते कधी कधी आपली उंची उणे 60 मीटर सांगते. पायाखाली जमीन कोरडी, समोर भरतीचे पाणी आपल्याहून खाली; आणि यंत्राच्या मते आपण वीस मजले पाण्याखाली! यंत्र बिघडलेले नसते. आपण आणि ते वेगवेगळ्या शून्यापासून मोजत असतो.

आपले शून्य समुद्राचे. भारतात उंची मोजण्याचे पद्धतशीर काम सर्वेक्षण खात्याने 1858 मध्ये सुरू केले. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून भरती-ओहोटीची नोंद होऊ लागली. अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी म्हणजे मध्य समुद्रसपाटी. कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांची सपाटी शून्य धरून 1909 मध्ये देशभरच्या उंचींचा मेळ घातला गेला. नकाशावरील उंची पुढे याच जाळ्यावर बेतल्या गेल्या.

ही सपाटी समुद्रापासून आत, डोंगरापलीकडे कशी नेली? दुर्बिणीतील बुडबुडा मध्यावर आणायचा, पुढे-मागे उभ्या केलेल्या पट्ट्यांवरचे आकडे वाचायचे, त्यांतील फरक मांडायचा आणि पुढे सरकायचे. आता बुडबुडा मध्यावर येतो तो ओळंब्याला काटकोनात, म्हणजे गुरुत्वाकर्षण सांगेल तसा. त्यामुळे ही मोजणी नकळत एका विशिष्ट पृष्ठभागाला धरून चालते. वारा, भरती, प्रवाह नसते आणि समुद्राचे पाणी कालव्यांतून जमिनीखालीही पसरले असते, तर ते जिथे स्थिरावले असते तो हा पृष्ठभाग. गाऊसने 1828 मध्ये ही कल्पना मांडली, आणि 1870 च्या दशकात लिस्टिंगने तिला ‘जिऑइड’ हे नाव दिले. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्याने जिऑइड गुळगुळीत नाही. त्याला फुगवटे आहेत, खळगे आहेत.

अशा ओबडधोबड पृष्ठभागावर अक्षांश-रेखांशांचे गणित करणे कठीण. म्हणून सर्वेक्षक ध्रुवांशी किंचित चपटा, पण गुळगुळीत गोल घेतात. तो एलिप्सॉइड. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 मध्ये दिलेला एलिप्सॉइड भारतातील मोजमापांना जुळवून बसवला होता. मध्य भारतातील कल्याणपूर येथे तो जिऑइडला टेकतो असे धरले होते. त्यामुळे आपल्या देशात दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ राहत, आणि फरकाचा त्रास फारसा जाणवत नसे. मात्र त्यासाठी किंमत मोजावी लागली : त्या एलिप्सॉइडचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 800 मीटर दूर पडले.

उपग्रहाला हे चालत नाही. तो पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतो. म्हणून त्याचा एलिप्सॉइड, WGS84, त्याच केंद्रावर बसवलेला आहे आणि साऱ्या जगाला एकच आहे. यंत्र उपग्रहांपर्यंतची अंतरे मोजून केवळ भूमितीने उंची काढते. ओळंबा त्याला ठाऊक नाही. आणि आपल्या नशिबी नेमका खळगा आला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस जिऑइड या एलिप्सॉइडच्या सुमारे 106 मीटर खाली आहे. जगातील हे सर्वांत खोल ठिकाण. त्याची उतरण बेंगळुरूला सुमारे 86 मीटर, तर मुंबई-ठाण्याकडे सुमारे 65 मीटर भरते.

आता हिशेब सोपा आहे :

h = H + N

h ही एलिप्सॉइडपासूनची उंची, H समुद्रसपाटीपासूनची, N म्हणजे जिऑइडची उंची. कोलशेतला जमीन समुद्रसपाटीपासून 5 मीटर वर आहे असे समजू. N = −65. तेव्हा h = 5 − 65 = −60. यंत्राचे उत्तर बरोबर होते; उलट जाताना H = h − N, म्हणजे −60 + 65 = 5.

चूक होते ती इथेच. वजा चिन्ह विसरले की उत्तर −125 येते. अनेक यंत्रे आपल्या स्मृतीतील कोष्टक वापरून ही दुरुस्ती आधीच करतात. त्यावर आपण पुन्हा केली, तर खाडीकाठ 70 मीटरचा डोंगर होतो. ओळखावे कसे? साध्या यंत्राची उंची काही मीटरांनी वरखाली हलतच असते, पण ती चूक दोन्ही बाजूंना जाते आणि बराच वेळ वाचन घेतले की सरासरीत विरते. 65 मीटरांचा फरक मात्र कितीही थांबलो तरी तसाच राहतो.

मग सगळीकडे 65 मिळवून भागेल का? नाही. मुंबई ते बेंगळुरू सरळ रेषेत सुमारे साडेआठशे किलोमीटरांत N सुमारे 20 मीटरांनी बदलतो, म्हणजे सरासरी दर किलोमीटरला अडीच सेंटीमीटर. वाटसरूला याचे काय? पण अगदी अल्प उताराच्या कालव्याला तेवढ्याने फरक पडतो. पाणी उतरते ते जिऑइडच्या मानाने. एलिप्सॉइडच्या मानाने नव्हे.

विद्यार्थ्यांसह करून पाहावे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिच्याजवळ, उघड्या आकाशाखाली, दहा-पंधरा मिनिटे वाचने घेऊन सरासरी काढावी. पाटीशी काही मीटरांत जुळली, तर यंत्राने जिऑइड आधीच वजा केला आहे. साठ-पासष्ट मीटरांनी कमी आली, तर तो वजा करणे आपल्याकडे आहे.