करणारा एक की दोन?

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात वडगाव येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. तो इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह 1963 साली प्रसिद्ध केला, त्यात तो वाचायला मिळतो. प्रवरसेनाच्या दानपत्रांत शेवटी एक ताकीद येते. या दानाला जो अडथळा करील किंवा करवील, त्याला आम्ही दंड करू, असा तिचा आशय आहे. ‘कुर्यात्’ या क्रियापदाला जोडूनच त्याच ‘कृ’ धातूचे दुसरे रूप तेथे ठेवलेले असते. एका रूपाने काम का भागले नाही?

‘कृ’पासून ‘करोति’ म्हणजे तो करतो. ‘णि’ हा प्रत्यय लागला की ‘कारयति’ होते, म्हणजे तो करवतो. यालाच आपण प्रयोजक रूप म्हणतो. येथे कर्ते दोन होतात, एक करवणारा आणि दुसरा प्रत्यक्ष करणारा. ‘राजा शिल्पिना मन्दिरं कारयति’ या वाक्यात प्रथमा राजाकडे गेली आणि शिल्पी तृतीयेत सरकला. तृतीयेतले पद गाळले तरी वाक्य पुरे होते. म्हणून शिलालेखात ‘कारितम्’ आले की मंदिर बांधवणाऱ्याचे नाव समजते, पण घडवणारा शिल्पी बहुधा अज्ञात राहतो. मात्र काही लेखांत करवणाऱ्यासाठीही नुसते ‘कृतम्’ वापरतात, तेव्हा केवळ त्या शब्दावरून निष्कर्ष काढू नये.

कायद्याच्या भाषेत हाच भेद उलट बाजूने उपयोगी पडतो. गावच्या जमिनीवर नोकराला पाठवून ती बळकावणारा म्हणेल, “मी कुठे काही केले?” त्याची ही पळवाट दुसरे क्रियापद बंद करते. ताम्रपटांतून येणाऱ्या शापश्लोकांपैकी एकाची सुरुवातच ‘हरते’ आणि ‘हारयेत्’ या जोडीने होते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही ‘हन्ति’ आणि ‘घातयति’ शेजारी शेजारी आहेत. आत्म्याला जाणणारा ना कोणाला मारतो, ना मारवतो, हे सांगायला दोन्ही क्रियापदे लागतात.

आता इच्छार्थक रूप पाहू. त्यासाठी ‘सन्’ प्रत्यय लागतो आणि धातूच्या आरंभीच्या अक्षराचे द्वित्व होते. ‘कृ’चे ‘चिकीर्षति’, म्हणजे करू इच्छितो. पाणिनीने येथे एक अट घातली आहे. इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच असला पाहिजे. दुसऱ्याने करावे अशी इच्छा असेल, तर ‘चिकीर्षति’ चालत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी उभे आहोत असे समजू. वर्गासाठी केलेला हा साधा श्लोक पाहा :

नदीं तितीर्षुरेकाकी न तरेत् तारकं विना ।
तारयत्यन्यमादाय नाविकः कुशलः सदा ॥

नदी तरू इच्छिणाऱ्या एकट्याने तारणाऱ्यावाचून तरून जाऊ नये. कुशल नावाडी नेहमी दुसऱ्याला घेऊन पार नेतो, असा याचा अर्थ. सारी रूपे ‘तॄ’ या एकाच धातूची आहेत. ‘तितीर्षु’मध्ये इच्छाही त्याची आणि तरणेही त्याचेच, पण तो अजून काठावरच आहे. ‘तरेत्’मध्ये नुसती क्रिया आहे. ‘तारयति’मध्ये नावाडी व उतारू असे दोघे आले. रघुवंशाच्या आरंभी कालिदास स्वतःला ‘तितीर्षु’ म्हणतो, ते याच अर्थाने. त्याचा समुद्र अजून ओलांडायचा आहे. ‘तरणारा’ असा अर्थ लावला तर कवीची नम्रताच नाहीशी होते.

‘सन्’ दिसला की इच्छा असतेच असेही नाही. ‘कूलं पिपतिषति’ हे महाभाष्यातील उदाहरण आहे. पावसाळ्यात दरड कोसळायच्या बेतात असते, तिला कसली इच्छा? येथे ‘पडण्याच्या बेतात आहे’ एवढाच अर्थ घ्यायचा. ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकणारा शिष्य त्याची सेवाही करी, म्हणून शब्दाला सेवेचा अर्थ आला, आणि मराठीत तो रोग्याच्या सेवेपर्यंत पोचला.

मराठीने करणे-करवणे ही जोडी टिकवली. ‘सन्’चे क्रियापद मात्र टिकले नाही. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षू असे तयार शब्द तेवढे आपण घेतले. संस्कृतात तर दोन्ही प्रत्यय एकत्रही येतात. ‘चिकारयिषति’ म्हणजे करवू इच्छितो. येथे इच्छा आणि करवणे एकाचे, करणे दुसऱ्याचे.

प्रवरसेनाच्या त्या ताकिदीत करणारा आहे, करवणारा आहे, पण ‘चिकीर्षु’ नाही. नुसत्या इच्छेला त्या वाक्यात दंड सांगितलेला नाही. जुना लेख किंवा श्लोक वाचताना क्रियापदापाशी थांबून केले कोणी, करवले कोणी आणि इच्छिले कोणी, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.