थायरॉइड शस्त्रक्रिया : अर्धी ग्रंथी की संपूर्ण?

एका खंडात २.५ सेंमी.चा पॅपिलरी कर्करोग, लसीकाग्रंथी स्वच्छ आणि दुसरा खंड निरोगी असेल, तर बहुधा अर्धी ग्रंथी काढणे पुरते. १ ते ४ सेंमी.च्या अशा गाठींसाठी अमेरिकन थायरॉइड असोसिएशननेही २०१५ मध्ये हा पर्याय मान्य केला. यात दुसऱ्या बाजूची स्वरयंत्राची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या परावटू ग्रंथी सुरक्षित राहतात. संपूर्ण ग्रंथी काढताना दोन्ही बाजूंना धोका असतो. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येणे ही कॅल्शियम घटल्याची खूण. मात्र अंतिम अहवालात आक्रमक प्रकार निघून किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले, तर उरलेला खंडही काढावा लागतो. मग लेव्होथायरॉक्सिन जन्मभर : ६० किलोच्या व्यक्तीला रोज सुमारे १०० मायक्रोग्रॅम, उपाशीपोटी. अर्धी ग्रंथी राखूनही काहींना गोळी लागतेच. ते काही आठवड्यांनंतरच्या टीएसएच तपासणीत कळते.