'लूज' कनेक्शन

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, किल्लेही नाहीत. आज तीन शब्दांच्या जोड्यांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच एका फजितीपासून होते.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. आमच्या मजल्यावर एक त्रास चालू होता. लॉगिन केल्यावर साधारण वीस मिनिटांनी सर्व्हरशी संपर्क तुटायचा आणि अर्धवट भरलेला फॉर्म उडून जायचा. मी तिकीट टाकलं. त्याचं शीर्षक होतं: `Loose connection after 20 min, 3rd floor`. वर्णनात फारसं काही लिहिलं नाही. शीर्षकातच सगळं आलं असं मला वाटलं.

अर्ध्या तासानं नेटवर्क टीममधले एक दादा आले, सोलापूरकडचे. हातात क्रिम्पिंग टूल, खिशात केबलची टोकं. टेबलाखाली शिरून त्यांनी एकेक केबल काढून परत लावली, भिंतीतलं सॉकेट उघडलं, स्विचपर्यंत जाऊन आले. तासभर गेला. शेवटी घाम पुसत म्हणाले, "अरे, केबल तर टाईट आहे की! लूज कुठंय?"

मी म्हणालो, "दादा, केबल नाही हो, कनेक्शन जातंय. सेशन तुटतंय."

त्यांनी मोबाईलवर माझं तिकीट उघडून माझ्यासमोर धरलं. मला हवं होतं `lose`, मी लिहिलं होतं `loose`. एक ओ जास्त. त्या एका ओमुळे सेशन टाइमआउटचं काम केबलवाल्याकडे गेलं. खरं काम सर्व्हरवरच्या एका सेटिंगचं होतं आणि ते दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत झालं.

आता गंमत बघा. स्पेलचेकरनं या शीर्षकाखाली लाल रेघ मारली नव्हती, आणि ती मारायला कारणही नव्हतं. `loose connection` म्हणजे सैल जोडणी, हे शंभर टक्के बरोबर इंग्रजी आहे. `lose connection` म्हणजे संपर्क गमावणे, तेही बरोबर. चूक शब्दात नव्हती, मला काय म्हणायचंय आणि मी काय लिहिलंय यांच्या मधल्या फटीत होती.

स्पेलचेकरचा जन्म बघितला की हे लगेच कळतं. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर `spell` नावाचा प्रोग्राम आला. आधी स्टीव्ह जॉन्सननं तो लिहिला, मग डग मॅकिलरॉयनं नव्यानं बांधला. मशीनची मेमरी इतकी तुटपुंजी होती की सुमारे ३०,००० शब्दांची यादी ६४ केबीत दाबून बसवावी लागली. तो प्रोग्राम एकच प्रश्न विचारायचा: हा शब्द माझ्या यादीत आहे का? असेल तर पुढे चल. शेजारचे शब्द काय आहेत हे तो बघतच नसे. आजचे चेकर आजूबाजूचं बघतात, पण माझ्या शीर्षकासारखे चार तुटक शब्द दिले तर त्यांना बघायला आजूबाजू असतेच कुठे?

मग मी शोधायला लागलो की हा घोळ माझ्या डोक्यात मुळात आला कुठून. उत्तर तोंडात सापडलं.

इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी `loose` आणि `lose` यांचा उच्चार एक नाहीच. `loose` च्या शेवटी स्वच्छ 'स' आहे, लूस. `lose` च्या शेवटी ज आहे, 'आज' मधला. आपण मात्र दोन्ही लूज म्हणतो. नट लूज झालाय, शर्ट लूज होतोय, लूज मोशन. मराठीत हा शब्द 'ज' घेऊनच रुळला. त्यामुळे इंग्रजांच्या कानाला जे दोन शब्द वेगळे ऐकू येतात, ते आपल्या कानाला एकच. म्हणजे ही जोडी समान उच्चाराची आहे ती इंग्रजीत नाही, आपल्या तोंडात. मग टाइप करताना कान सांगतो 'लूज', आणि बोटं त्यातलं पहिलं आठवेल ते स्पेलिंग टाकतात.

मी निरवांगीचा, इंदापूर तालुक्यातला. उसाच्या पट्ट्यात वाढलोय, म्हणून मला 'स' लक्षात ठेवायची सोय घरातच मिळाली. सैल तो लूस, 'ऊस'शी जुळणारा. गमावणं ते लूज, 'आज'शी जुळणारं. तेव्हापासून टाइप करताना मनात उच्चार बदलून बघतो. 'ऊस' बसला तर दोन ओ, 'आज' बसला तर एक.

मुळात हे दोन्ही शब्द लांबचे नातेवाईक आहेत. `lose` जुन्या इंग्रजीतला, नाश होणे किंवा हरवणे अशा अर्थाच्या क्रियापदातून आलेला. `loose` स्कँडिनेव्हियाहून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांच्या भाषेतून आला. आणखी मागे गेलं की दोघांचं मूळ सुटणं, सैल होणं या एकाच कल्पनेपाशी पोचतं. सुटलं ते सैल, सुटलं ते हरवलं. आपणही 'हातातून सुटलं' म्हणतोच की.

दुसऱ्या जोडीचा इतिहास मला सगळ्यांत जास्त आवडला. `stationary` म्हणजे स्थिर, एका जागी उभं असलेलं. `stationery` म्हणजे वह्या, पेन, कागद. आमच्या ऑफिसमध्ये ॲडमिनला जाणाऱ्या मेलमध्ये वर्षानुवर्षं `stationary required` असं जातंय, आणि पेनं मात्र बिनचूक येतात. तरी प्रश्न पडतोच, स्थिर उभं राहण्याचा आणि वहीचा काय संबंध?

संबंध पक्का आहे. तेराव्या शतकात चला. बोलोन्या आणि पॅरिसमध्ये विद्यापीठं उभी राहत होती आणि छपाई अजून दोन शतकं लांब होती. पुस्तक हवं तर हातानं उतरवून घ्यायचं. आता एक पुस्तक आणि पन्नास विद्यार्थी, जमवायचं कसं? विद्यापीठाच्या परवानगीनं काही दुकानदार ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत बाळगायचे. ती बांधलेली नसे, सुट्या भागांत असे. एक विद्यार्थी पहिला भाग भाड्यानं नेई, उतरवे, परत करी आणि दुसरा भाग नेई. तोवर पहिला भाग दुसऱ्याच्या हातात. परीक्षेच्या आदल्या रात्री एका टॉपरच्या नोट्सची पानं वाटून घेऊन झेरॉक्सला पळणारी पोरं आठवली ना? तीच पद्धत, फक्त झेरॉक्सच्या जागी बोरू.

त्या काळी बहुतेक माल फिरते विक्रेते विकत. पुस्तकांचा हा दुकानदार मात्र एका जागी बसलेला, ठाण मांडून. म्हणून लॅटिनमध्ये त्याला म्हणत `stationarius`, ठिय्या असलेला. इंग्रजीत त्याचा झाला `stationer`. लंडनमध्ये १४०३ साली या धंदेवाल्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली आणि छपाईवर त्याची जवळजवळ मक्तेदारी आली. १६९५ नंतर ती ढिली पडली आणि १७१० मध्ये कॉपीराइट कायदा आला. पुढे पुस्तकांचा धंदा वेगळा झाला, आणि `stationer` कडे उरला कागद, शाई, लेखण्या. तो विकतो तो माल म्हणजे `stationery`. या शब्दात ई येतो तो त्या दुकानदाराच्या नावातून, `-er` मधून. स्थिर वस्तूमागे दुकानदार नाही, म्हणून तिथे ए.

आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स व स्टेशनरी' लिहिलेलं असतं, आणि तिथे चूक करायची सोयच नाही. देवनागरीत दोन्ही शब्द एकच. हा सापळा फक्त रोमन लिपीतच लागतो.

तिसरी जोडी, `complement` आणि `compliment`. कोडिंगवाल्यांना पहिला शब्द टूज कॉम्प्लिमेंटमधून माहीत असतो. तिथे अर्थ आहे पूरक. दुसरा म्हणजे कौतुक. ही दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं आहेत, 'पूर्ण भरणे' या अर्थाच्या. त्यातलं एक लेकरू थेट आलं. दुसरं स्पेन, इटली, फ्रान्स असं फिरून सतराव्या शतकात इंग्रजीत आलं, आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला. समोरच्याला द्यायचा मान पुरा करणे, शिष्टाचार पाळणे, असा तो झाला. लग्नात आपण 'मानपान पुरा केला' म्हणतो, अगदी तसं. तोपर्यंत इंग्रजीत सौजन्याच्या अर्थालाही ई असलेलं स्पेलिंग चालत होतं. फरक नंतर पक्का झाला.

म्हणून आमच्या एका डिझाइन डॉक्युमेंटमध्ये `the cache compliments the database` असं राहिलं होतं, तेव्हा एका सीनिअर ताईंनी बाजूला एवढंच लिहिलं: "कॅशे डेटाबेसला काय म्हणाला?" इथे मराठीचीच चाचणी लावा. 'पूरक' बसत असेल तर ई, 'कौतुक' बसत असेल तर आय.

आता जरा आपल्या घरात डोकावू. मराठीतही असे जुळे होते. जुन्या छापील पुस्तकांत 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, असा फरक एका अनुस्वारानं दाखवत. तो अनुस्वार बोलताना कुणीच उच्चारत नव्हतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारनं १९६२ मध्ये मान्य केले, आणि न उच्चारलेले अनुस्वार गेले. आज नीरेच्या काठावरची नाव आणि माझं नाव सारखंच लिहितात, आणि वाक्यावरून सगळ्यांना कळतं. इंग्रजीला असं महामंडळ कधी मिळालं नाही. तिथे शब्दकोशकारांनी आणि छापखान्यांनी हळूहळू स्पेलिंगं गोठवली, आणि जो फरक गोठला तो राहिला.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर १९६२ वाल्यांनी बरं केलं. पण ऑफिसचा चॅट महामंडळाला विचारून चालत नाही, त्यामुळे मी एक सवय लावून घेतली. डॉक्युमेंट पुढे पाठवायच्या आधी एवढं चालवतो:

```
grep -rnwiE "loose|stationary|compliments?" docs/
```

हे चूक शोधत नाही, फक्त संशयित शब्द आणि त्याची ओळ दाखवतं. प्रत्येक ओळीवर 'ऊस की आज', 'दुकानदार आहे का', 'पूरक की कौतुक' हे माझं मलाच विचारावं लागतं. आणि चॅटमध्ये घाईत लिहिलेल्या मेसेजला ते लागतच नाही. तिथे मी शब्दच बदलतो. `lose connection` ऐवजी `disconnects` लिहिलं की ओ मोजायची वेळच येत नाही.

दादा अजून त्याच टीममध्ये आहेत. मागच्या महिन्यात त्यांनीच एक तिकीट माझ्याकडे पाठवलं, `Loose cable, 2nd floor`. खाली मराठीत लिहिलं होतं: "उसातला स. टूल घेऊन ये."